लक्ष वेधलं, पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार. चवथ जवळ आली की आपल्याकडे जाहिरातींनाही पूर येतो. आज त्यातल्या तीन पाहू. नावं घेत नाही. अशा जाहिराती तुम्ही टीव्हीवर, पेपरात आणि पर्वरीच्या रस्त्यावर पाहिल्या असतीलच.

जाहिरातवाले ‘आयडा’ नावाची एक जुनी शिडी वापरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एल्मो लुईस यांच्या मांडणीतून ती आली, असं मानतात. गिऱ्हाइकाचं आधी लक्ष वेधायचं, मग त्याचं कुतूहल वाढवायचं, मग वस्तू हवीशी वाटायला लावायची आणि शेवटी त्याला कृती करायला, म्हणजे विकत घ्यायला लावायचं. ही शिडी चढवताना कधी भावनेला हात घालतात, कधी हिशेब मांडतात. माझ्या मते खरी गंमत कुठल्या पायरीवर काय वापरलं, यात असते.

पहिली जाहिरात टीव्हीवरची, फ्रीजची. आई माटोळी बांधायची तयारी करतेय, डोळे दाराकडे. बोटीवर नोकरीला असलेला मुलगा अचानक दारात उभा. आईच्या डोळ्यांत पाणी, आपल्याही. मग शेवटची काही सेकंदं फ्रीज. लक्ष आणि कुतूहल, दोन्हींत पैकीच्या पैकी गुण. पण हवासा वाटला तो मुलगा, फ्रीज नव्हे! आमच्या घरात दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ती आई आठवत होती, कंपनीचं नाव मात्र कुणालाच सांगता येईना. भावना जोरदार होती, पण ती वस्तूला चिकटलीच नाही. फ्रीजच्या जागी मुलाने आणलेली साडी दाखवली असती, तरी गोष्टीचं काही बिघडलं नसतं. फ्रीज गोष्टीत नव्हताच, याची ही खूण.

दुसरी पेपरातली, इन्व्हर्टरची. पावसाळ्यात वीज जाणं आपल्याला नवीन नाही, त्यामुळे लक्ष आपोआप जातं. मजकूर अगदी हिशेबी: ‘१५० एएच बॅटरी, १० तास बॅकअप’. आकडा दिसला की आपण निर्धास्त होतो. पण दहा तास कशावर? बॅटरी १२ व्होल्टची, आणि एएच म्हणजे अँपिअर-तास, तिची साठवणक्षमता. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास. ७० वॉटचे दोन पंखे आणि १० वॉटचे चार दिवे लावले तर भार १८० वॉट होतो, आणि भागाकार बरोबर दहा येतो. कागदावर. प्रत्यक्षात इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, बॅटरी तळापर्यंत रिकामी करता येत नाही, म्हणून सात-आठ तास धरावेत. त्यात फ्रीज जोडला तर आणखी कमी. आकडा खोटा नाही, पण भार न सांगता दिलेला आकडा फक्त धीर देतो. म्हणजे वरून हिशेब, आतून भावनाच.

तिसरी सगळ्यात महागडी. महामार्गावरचं भलंमोठं होर्डिंग: माडांच्या मागे मावळतीचा समुद्र, पाठमोरं जोडपं. ‘गोव्यातलं तुमचं घर. समुद्र १० मिनिटांवर. फक्त ४ फ्लॅट शिल्लक. आजच बुक करा.’ धावत्या गाडीतून ते दोन-तीन सेकंदं दिसतं. तेवढ्यात लक्ष वेधता येतं, फार तर हवंसं वाटायला लावता येतं. इथे मात्र लक्षावरून थेट बुकिंगवर उडी मारायला सांगितलंय. चौकशी जिच्यात व्हायला हवी, ती कुतूहलाची पायरीच गाळली. साबणाच्या वडीला हे चालून जातं. वडी आवडली नाही तर पुढच्या महिन्यात दुसरी घेता येते. फ्लॅटचे हप्ते वीस-वीस वर्षं फेडायचे असतात.

‘१० मिनिटं’ कुठल्या वेळेची? डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळी कळंगुटच्या वाटेवर निघून पाहा. ‘फक्त ४ शिल्लक’ हे वाक्य घाई उठवण्यासाठी असतं, पण नेमकं तेच तपासता येतं. घरबांधणी प्रकल्पांवरच्या २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे बिल्डरला नोंदणी क्रमांक आणि रेराचं संकेतस्थळ जाहिरातीत ठळक द्यावं लागतं, आणि किती फ्लॅट बुक झाले याची यादी दर तीन महिन्यांनी त्या संकेतस्थळावर अद्ययावत करावी लागते. आमच्या या होर्डिंगवर क्रमांक होता, अगदी खाली, माडाच्या बुंध्यावर, पांढऱ्यावर पिवळा. गाडी थांबवल्याशिवाय वाचता येणार नाही असा.

‘आजच बुक करा’चं काय? याच कायद्याचं तेरावं कलम सांगतं, की विक्रीचा लेखी करार करून त्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. फ्लॅट ८० लाखांचा असेल तर कराराआधी ८ लाखांपर्यंतच. ऑफिसात कुणी ‘सण आहे, २० टक्के भरा, भाव धरून ठेवतो’ म्हणालं, तर आधी कराराचा मसुदा मागा आणि तो घरी नेऊन वाचा.