सहा चेंडू, सहा अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार. गिरगावातल्या चाळीच्या चौकात आम्ही शेजारच्या चाळीविरुद्ध अंडरआर्म मॅच खेळायचो, त्यातल्या एका शेवटच्या ओव्हरवर मी कविता लिहिली आहे. आज तीच ऐकवणार आहे.

चौक एवढासा, म्हणून नियम आमचेच. चेंडू जमिनीवरून समोरच्या भिंतीला लागला की दोन धावा. गॅलरीत थेट गेला की आउट. आणि वन टप वन हँड, म्हणजे एक टप्पा पडलेला चेंडू एका हाताने झेलला तरीही आउट. त्या संध्याकाळी त्यांना सहा चेंडूंत सात धावा हव्या होत्या आणि त्यांचा शेवटचा गडी खेळत होता.

कविता आधी मुक्तछंदात लिहिली, पण ती सैल पडली. ओव्हरमध्ये चेंडू मोजलेले असतात, कवितेत काहीच मोजलेलं नव्हतं. मग एकदा आईच्या तोंडून ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ ऐकताना बोटं आपोआप चालली. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. पुढच्या दोन चरणांतही सहा-सहा, आणि शेवटी ‘ठेवोनियां’, चारच. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा चरण आखूड राहतो. अभंगाचा हा आखूड चरण मला टप्प्यासारखा वाटला. चेंडू हवेत असतो तोवर सहा-सहा अक्षरं, आणि जमिनीवर आला की चार. ऐका.

सात हव्या धावा
उरले सहाच
खिडकीची काच
पाहे वाट

पहिला बॅटीच्या
कडेने निसटे
कुणी ओठ मिटे
कुणी डोळे

दुसरा भिंतीला
सरपट गेला
गलबला झाला
दोन! दोन!

इथे मी अडलो, कारण पुढचा चेंडू वाइड होता. गटाराच्या कडेकडेने गेला, ओला होऊन परत आला, आणि बोलरने तो शर्टाला पुसून पुन्हा हातात घेतला. वाइडची धाव मिळते, पण चेंडू मोजणीत धरत नाहीत. मग त्याचं कडवं इतरांसारखंच कसं ठेवायचं? पुष्कळ दिवस घोळवल्यावर मी त्याच्या शेवटच्या चरणात चाराऐवजी पाच अक्षरं ठेवली. एक अक्षर जादा, तीच ती जादा धाव. मोठ्याने म्हणून बघा, जीभ तिथे किंचित अडखळते.

तिसरा गटारी
अंपायर पाहे
वाइडच आहे
टाक रे पुन्हा

फिरून तिसरा
पुन्हा भिंत गाठी
आता दोनासाठी
तीन चेंडू

चौथा आणि पाचवा, दोन्ही चेंडू फुकट गेले. त्यांना वेगवेगळी कडवी देऊन पाहिली, पण दोन्हीकडे तेच सांगायचं होतं, म्हणून एकातच बांधले. मात्र वर नजर टाकावीशी वाटली. दुसऱ्या मजल्यावरचे काका कपबशी कठड्यावर ठेवून उभे होते आणि चहाला हातच लावत नव्हते.

चौथा नि पाचवा
नुसताच वारा
गॅलरीत सारा
चहा थंड

आता सहावा. एक चेंडू, दोन धावा. त्याने उचलून मारला. चेंडू भिंतीच्या पायथ्याशी टप्पा खाऊन उसळला आणि तिथे उभ्या असलेल्या पोराने एका हाताने पकडला. एकच टप्पा असेल तर आउट, मॅच आमची. पण उसळल्यावर चेंडू भिंतीला लागून पुन्हा जमिनीवर पडला असेल, तर दोन धावा आणि मॅच त्यांची. अर्धा चौक ‘एक, एक’ ओरडत होता आणि अर्धा ‘दोन, दोन’. अंपायर आमच्याच चाळीचा, आणि तो उभा होता लांब, दुसऱ्या टोकाला. त्याने बोट वर केलं.

हे कडवं मी पहिल्यांदा लिहिलं, ते असं:

सहावा उडाला
टप्पा एक? दोन?
सांगणार कोण?
भिंत मुकी

अक्षरं बरोबर आहेत, यमकही ऐकायला जुळतं. बऱ्याच ठिकाणी मी ते असंच वाचलं, लोकांना आवडलंही. पण दर वेळी शेवटच्या चरणाशी आलो की आवाज बसायचा. भिंतीपाशी उभा असलेला पोरगा मीच होतो. तळहाताला चेंडू लागण्याआधीचा तो दुसरा, अगदी बारीक टप्पा माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडला होता. तिथली धूळ उडालेली मी पाहिली होती. आमची पोरं मला खांद्यावर घेत होती, आणि त्यांचा शेवटचा गडी बॅट भिंतीला टेकवून माझ्याकडेच बघत होता. मी काही बोललो नाही.

म्हणून आज शेवटचा चरण बदलून वाचतो. अक्षरं चारच आहेत.

सहावा उडाला
टप्पा एक? दोन?
सांगणार कोण?
मीच मुका