स्लॅबचा माल: जागेवर कालवायचा की प्लांटवरून आणायचा?

पडद्यावर दिसतो आहे तो एका तळमजली घराचा, हजार चौरस फुटांचा स्लॅब. सेंट्रिंग उभे आहे, सळई बांधून झाली आहे. पाच इंच जाडी आणि खालचे बीम धरले, तर येथे सुमारे 15 घनमीटर कॉंक्रीट लागेल. ते जागेवर मिक्सरमध्ये कालवायचे की प्लांटवरून गाडीने आणायचे, हे या आकड्यावरूनच ठरवावे लागते.

एम 20 दर्जाच्या मालासाठी घनमीटरला साधारण आठ गोण्या सिमेंट लागते, म्हणजे या स्लॅबला 120 गोण्या. एका गोणीचा मिक्सर तितक्याच वेळा भरावा आणि रिकामा करावा लागेल. एका घाणीला चार मिनिटे धरली, तरी कुठेही खोळंबा न होता आठ तास जातात. मिक्सर बंद पडला किंवा वाळू संपली, की आधी टाकलेला माल घट्ट होऊ लागतो आणि त्याला चिकटून टाकलेला नवा माल त्याच्याशी एकजीव होत नाही. असा सांधा पुढे पावसाळ्यात गळतीची रेघ होऊन दिसतो.

दुसरी अडचण मापाची आहे. एका गोणीतले सिमेंट सुमारे 35 लिटर भरते, म्हणून तेवढ्याच मापाचा फरमा करून दीड फरमा वाळू आणि तीन फरमे खडी घ्यावी लागते. प्रत्यक्षात फरमा बाजूला पडतो आणि घमेली मोजली जातात, त्यातही दुपारनंतरची घमेली सकाळइतकी भरलेली नसतात. ओली वाळू फुगते, त्यामुळे मापात वाळू कमी आणि पाणी जास्त जाते. आयएस 456 या मानकानुसार या प्रमाणाला गोणीमागे जास्तीत जास्त 30 लिटर पाणी चालते. एका गोणीबरोबरच्या 80 किलो वाळूत पाच टक्के ओल असेल, तर चार लिटर पाणी वाळूतूनच आलेले असते आणि वरून 26 लिटरच टाकायला हवे. हा हिशेब मिक्सरशेजारी उभे राहून कोणी करत नसेल, तर 120 घाणी 120 प्रकारच्या निघतात.

प्लांटवर वाळू, खडी, सिमेंट आणि पाणी वजनाने घेतले जाते आणि वाळूतली ओल वजा केली जाते. म्हणूनच 15 घनमीटरच्या या स्लॅबसाठी तयार कॉंक्रीट मागवणे मला निःसंशय योग्य वाटते. सहा घनमीटरच्या दोन गाड्या आणि तीन घनमीटरची एक, एवढ्यात काम उरकते. मात्र मिश्रणात पाणी पडल्यापासून सर्वसाधारणपणे दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी. त्यामुळे प्लांट किती किलोमीटरवर आहे यापेक्षा भर वाहतुकीत गाडीला किती वेळ लागतो, हे विचारावे.

येथेच सर्वांत मोठी चूक घडते. माल सरकत नाही म्हणून कोणीतरी ओरडते, चालक ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो आणि सर्वांचे काम हलके होते. घनमीटरला 320 किलो सिमेंट असलेल्या सहा घनमीटरच्या गाडीत अंदाजाने 200 लिटर पाणी गेले, तर पाणी-सिमेंटचे गुणोत्तर 0.50 वरून 0.60 वर जाते. प्लांटवरचे सगळे काटेकोर वजन त्या काही मिनिटांत वाया जाते. माल घट्टच आला असेल, तर प्लांटच्या माणसाकडून योग्य रसायन घालून घ्यावे, नाहीतर गाडी परत पाठवावी. पाइपलाइन ओली करण्यासाठी पंपातून आधी सोडलेले सिमेंटचे पाणीही स्लॅबवर पडू देऊ नये.

माल कसा आला, हे गाडी निम्मी रिकामी झाल्यावर घेतलेल्या नमुन्यातून कळते. 6 ते 15 घनमीटरच्या कामासाठी मानकात दोन नमुने सांगितले आहेत आणि प्रत्येक नमुन्याचे 150 मिलिमीटरचे तीन ठोकळे 28 दिवसांनी दाबून तपासतात. जागेवर कालवलेल्या मालाचेही ठोकळे असेच भरता येतात, पण घरांच्या कामात ते क्वचितच भरले जातात.

आता याच घराचे कॉलम पाहू. 9 इंच बाय 15 इंचांचे, नऊ फूट उंचीचे बारा कॉलम मिळून तीन घनमीटरही भरत नाहीत, शिवाय ते एका दिवसात भरले जात नाहीत. लिंटेलचेही तसेच आहे. एवढ्याशा मालासाठी पंप लावणे महाग पडते आणि गाडी तासन्‌तास ताटकळते. अशा कामाला मिक्सरच बरा, पण फरमा आणि लिटरच्या खुणा केलेली बादली हवीच. ज्या गल्लीत गाडी शिरत नाही आणि पाइपलाइनही पोहोचत नाही, तेथे स्लॅबसाठीसुद्धा मिक्सरच लावावा लागतो. मग दुसरा मिक्सर राखीव ठेवावा आणि काम पहाटेच सुरू करावे.

शेवटच्या गाडीची मागणी आधीच पक्की करू नये. दुसरी गाडी निम्मी उतरली, की न भरलेला भाग टेपने मोजावा, जाडी जागोजागी तपासावी आणि तेव्हाच उरलेल्या मालाचा आकडा प्लांटला कळवावा.