फोन म्हणतो १५७, मशीन म्हणतं १५६.७, मग खरी उंची किती?

नमस्कार मंडळी. माझ्या हातात हा जो पांढरा पाइप दिसतोय, तो आपला साधा प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप आहे. मी तो पोलादी टेपने मोजून बरोबर १५५ सेंटीमीटरला कापून घेतलाय आणि दोन्ही टोकं घासून सपाट केलीत. आजचा सगळा व्हिडिओ या पाइपभोवतीच फिरणार आहे.

आधी १५५ का, ते सांगते. महाराष्ट्र पोलीस भरतीत शिपाईपदासाठी मुलींना किमान १५५ सेंटीमीटर उंची लागते, मुलांना १६५. मी वेंगुर्ल्यात भरतीच्या मुलामुलींचा मैदानी सराव घेते. माझी भाचीही त्यात आहे. मागच्या एप्रिलमध्ये ती उड्या मारतच आली आणि म्हणाली, "मावशे, फोनार एकशे सत्तावन दाखवता!" तिची आई मात्र काळजीत होती, कारण वर्षभरापूर्वी शाळेत पट्टीवर १५४ आली होती. एवढ्या फरकावर पोरीचं अख्खं वर्ष अवलंबून असतं. म्हणून एका रविवारी मी तिला मिळेल त्या प्रत्येक साधनावर मोजलं.

सुरुवात हाताने मोजायच्या स्टेडिओमीटरने. उभी पट्टी आणि तिला काटकोनात सरकणारी डोक्यावरची फळी, एवढंच ते असतं. पण मोजणाऱ्याचा हात बसलेला हवा. अनवाणी उभं राहायचं, टाचा जुळवायच्या आणि पट्टीला टेकवायच्या. ढुंगण आणि पाठही टेकवायची. डोकं टेकलंच पाहिजे असं नाही, कुणाचं टेकत नाही. मग मान. डोळ्याच्या खोबणीची खालची कडा आणि कानाच्या भोकाची वरची कडा एका आडव्या रेषेत आली पाहिजे. (बाजूने दाखवते, हे बघा.) उंच दिसावं म्हणून पोरं हनुवटी वर करतात. त्याने डोकं मागे कलतं आणि उंची उलट कमी भरते. आता खोल श्वास घ्यायला सांगायचं, जबड्याखाली दोन्ही हातांनी हलकासा आधार द्यायचा आणि केस दबतील इतकी फळी खाली आणायची. डोळे फळीच्या पातळीवर नेऊन आकडा वाचायचा. मग तिला बाजूला करायचं, पुन्हा उभं करायचं आणि पुन्हा वाचायचं. दोन आकड्यांत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजायचं.

या पद्धतीने भाची सकाळी साडेसहाला, अंथरुणातून उठल्या उठल्या, १५५.९ भरली. अकरा वाजता १५५.१. संध्याकाळी सरावानंतर १५४.६. पट्टी तीच, हात माझाच. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, आणि झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच त्यातला बराचसा फरक पडतो. म्हणजे माणसाची उंची हा एक आकडा नसतो, एक-दीड सेंटीमीटरचा पट्टा असतो. म्हणून दोन साधनांची तुलना करायची तर दोन्ही माप एकाच वेळी घ्यायला हवीत. मी सगळी अकराला घेतली. तेव्हा १५५.१ लक्षात ठेवा.

आता डोक्यावर टांगलेलं अल्ट्रासॉनिक मशीन. त्याखाली उभं राहिलं की एका क्षणात आकडा येतो. एका ओळखीच्या जिममध्ये आम्ही गेलो. केस मोकळे सोडून भाची उभी राहिली आणि मशीनने दाखवलं १५६.७. स्टेडिओमीटरपेक्षा १.६ जास्त.

हे कुठून आलं, ते नीट समजून घ्या, कारण आपल्या कोकणात हेच सगळ्यात जास्त फसवतं. मशीन उंची मोजतच नाही. ते वरून आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतं, डोक्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघतं आणि त्या वेळेला आवाजाच्या वेगाने गुणून अंतर काढतं. मग जमिनीपासूनच्या स्वतःच्या उंचीतून ते अंतर वजा करतं. पण आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. २० अंशांना तो सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो, ३२ अंशांना जवळपास ३५०. स्वस्त मशीनमध्ये बरेचदा तापमान बघणारा सेन्सर नसतो. ते २० अंश गृहीत धरून चालतं, आणि आमच्या जिममध्ये त्या दिवशी पत्र्याखाली ३२ होते.

हे मशीन जमिनीपासून २२० सेंटीमीटरवर लावलेलं आहे, आणि तो २२० टेपने मोजून त्यात भरलाय. भाचीच्या डोक्यापर्यंतचं खरं अंतर ६४.९. गरम हवेत आवाज लवकर परतला, तेव्हा मशीनला वाटलं डोकं जवळ आहे. दोन टक्के जास्त वेग म्हणजे अंतरात सुमारे १.३ सेंटीमीटरची घट. दमट हवा आवाजाला आणखी थोडा वेग देते, भर दमटपणात साधारण अर्धा टक्का. तिथे उरलेले दोन-तीन मिलिमीटर गेले. अंतर कमी वाचलं गेलं, म्हणून उंची वाढली.

हेच मशीन रिकाम्या जमिनीकडे रोखून स्वतःचं २२० स्वतःच शिकलेलं असतं तर? तर त्याच गरम हवेत जमिनीपर्यंतचं अंतरही आखूड वाचलं गेलं असतं आणि भाचीची उंची तीन-चार सेंटीमीटर कमी आली असती! उकाडा तोच, मशीन तेच, फक्त बसवायची रीत वेगळी, आणि चूक उलट्या दिशेला. डोक्यावर ठेवून जमिनीकडे आवाज सोडणारी हातातली उपकरणंही अशीच कमी दाखवतात, कारण तिथे आवाज पूर्ण उंचीभर प्रवास करतो. त्यामुळे "अल्ट्रासॉनिक जास्तच दाखवतं" असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, ते लावलंय कसं.

आता पाइपचं काम. मी तो मशीनखाली उभा केला आणि आवाज नीट परतावा म्हणून वर एक पातळ, सपाट पुठ्ठा ठेवला. मशीन म्हणालं १५६.६. पाइप १५५.० चा आहे हे आपल्याला पक्कं माहीत आहे. म्हणजे १.६ ची वाढ हवेची झाली, भाचीची नाही. आणि तिच्या मापातही तेवढीच वाढ होती. कोडं सुटलं.

पाइप बरोबर वाचला गेला असता आणि माणूसच चुकला असता, तर संशय केसांवर घ्यायचा. तेही करून बघितलं. भाचीने अंबाडा बांधला आणि वर सुरंगीचा गजरा माळला. आकडे आले १५९.४, मग १५७.२, मग पुन्हा १५९.१. केस आवाज काही शोषतात, काही विखुरतात, त्यामुळे प्रतिध्वनी कधी अंबाड्यावरून येतो, कधी टाळूवरून. स्टेडिओमीटरची फळी केस दाबते, मशीनकडे दाबायला काही नाही. आकडे असे उड्या मारायला लागले की केस सोडून, विंचरून पुन्हा मोजायला सांगा.

फोनबद्दल थोडक्यात. आयफोन १२ प्रोपासून प्रो फोनमध्ये लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर असतो, त्यावर मेजर ॲपमध्ये उभ्या माणसाची उंची येते. ती जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत मोजली जाते, केस किंवा टोपी धरून. भाचीचा १५७ बहुतेक तिथूनच आला, कारण त्या दिवशी तिचा अंबाडा होता. आम्ही केस सोडून त्याच फोनवर पाच वेळा मोजलं, तर १५४ पासून १५७ पर्यंत आकडे आले. चकचकीत टाइल्सवर जमीन कुठे आहे हे ठरवतानाच फोन गोंधळत होता, अंगणातल्या खडबडीत जांभ्यावर आकडे जरा जवळ आले. लायडार नसलेल्या फोनवर गोंधळ आणखी वाढतो. भिंतीवर खूण करून फोटो काढायचा प्रकारही फसवा आहे. कॅमेरा छातीएवढ्या उंचीवर, माणूस तीन मीटरवर आणि भिंत त्याच्या मागे वीस सेंटीमीटर असेल, तरी टाळू भिंतीवरच्या खुणेपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर दिसते. आणि शरीराची मापं काढणारी बरीच ॲप्स आधी तुमचीच उंची विचारतात! एका फोटोतून माणूस जवळचा बुटका की लांबचा उंच, हे ठरत नाही, म्हणून त्यांना तुमच्याकडून मोजपट्टी हवी असते. ज्याने उंची विचारून घेतली, तो उंची काय सांगणार?

आणि थ्रीडी बॉडी स्कॅनर. तो वेंगुर्ल्यात नाही, मुंबईला गेलो तेव्हा बघितला. फिरत्या चकतीवर उभं राहायचं, कॅमेरे खोली मोजतात आणि अंगाचा आकार उभा करतात. कंबर, छाती, मांडी यांच्या घेरासाठी मला तो फार आवडला. उंचीत मात्र तो सकाळी अकरालाच १५४.२ दाखवत होता, तीन वेळा, जवळपास सारखाच. आकडा स्थिर आणि तरी ०.९ ने कमी.

कारण त्याला मांड्यांमधली फट दिसायला हवी, म्हणून पाय फाकवून उभं करतात. हिशोब सोपा आहे. भाचीचा पाय कमरेपासून ७८ सेंटीमीटर धरा. प्रत्येक पाऊल १२ सेंटीमीटर बाहेर गेलं की कंबर ७७.१ वर येते. गेला की सेंटीमीटर! त्यात जबड्याला आधार नाही आणि श्वासही सोडलेला. काळ्या केसांवरून स्कॅनरचा इन्फ्रारेड प्रकाश नीट परतत नाही, म्हणून टोपी घालावी लागते. नाहीतर टाळूची जागा रिकामी येते आणि सॉफ्टवेअर तिथे अंदाजाने भर घालतं. थ्रीडी स्कॅनची मापं पारंपरिक मापांच्या बरोबरीने धरायची तर ती किती जुळावीत, यासाठी आयएसओ २०६८५ हे मानक आहे. त्यात उभ्या उंच्यांसाठी मुभा फक्त ४ मिलिमीटरची. फाकलेल्या पायांनी ती कशी गाठणार?

राहिली एक गोष्ट. स्टेडिओमीटरलाही मी पाइप लावला. भिंतीवर बसवायच्या पट्टीत खिळा अर्धा सेंटीमीटर वर गेला की सगळे आकडे अर्ध्याने चुकतात, आणि जुन्या घरात खालची लादीची पट्टी टाचांना भिंतीपासून पुढे ढकलते. आमच्याकडचा १५५.० च वाचला, म्हणून त्याचा १५५.१ मी धरला.

भाचीला मी सांगितलंय की तू १५७ ची नाहीस, सकाळी पात्र आहेस आणि संध्याकाळी काठावरून खाली येतेस. मोजायची वेळ आपल्या हातात नसते. पण टाचा जुळलेल्या, नजर सरळ, अंबाडा सोडलेला आणि छाती श्वासाने भरलेली, हे चारही तिच्या हातात आहे. ते आम्ही आता रोज सरावात करतो.

तुमच्या तालमीत किंवा जिममध्ये डोक्यावरचं मशीन असेल, तर एक पाइप कापून त्याखाली उभा करा. किती दाखवतं ते, आणि त्या वेळचं खोलीतलं तापमान, दोन्ही कमेंटमध्ये लिहा.