हाताखाली पंचवीस गार्ड: सुपरवायझरच्या बायोडेटातला हिशेब

(चिपळुणात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सिक्युरिटी सुपरवायझरचा बायोडेटा नेमकं कोण वाचतं, तिथून सुरुवात करू. लोट्याच्या किंवा महाडच्या कारखान्यात तो आधी एचआरच्या टेबलावर जातो हे खरं, पण माणूस निवडतो सिक्युरिटी ऑफिसर. तो बहुतेकदा फौजेतून नाहीतर पोलीस खात्यातून आलेला असतो. 'प्रामाणिक, मेहनती, शिस्तप्रिय' या ओळीवर त्याची नजर थांबतसुद्धा नाही. 'हाताखाली २५ गार्ड' असं दिसलं की मात्र तो मनातल्या मनात गुणाकार करतो आणि तो जुळला नाही, तर पुढचं सगळंच संशयाने वाचतो. म्हणून आज मी या गुणाकाराला जास्त वेळ देणार आहे.

एक मध्यम आकाराचा रासायनिक कारखाना घ्या. मेन गेटवर दोन गार्ड, आणि मटेरियल गेट, वजनकाटा, टँक फार्म, मागचं गेट, सीसीटीव्ही रूम इथे एकेक. झाल्या सात पोस्ट. आठ तासांच्या तीन शिफ्ट धरल्या तर रोजचे २१ गार्ड लागतात. पण प्रत्येकाला आठवड्याची एक सुट्टी आहे, म्हणजे सात दिवसांचं काम सहा दिवस येणाऱ्या माणसांकडून करून घ्यायचं आहे. २१ गुणिले ७ भागिले ६, उत्तर साडेचोवीस. मस्टरवर २५ नावं हवीत, आणि रजा-आजारपण धरलं तर आणखी एक-दोन. तीच साइट बारा तासांच्या दोन शिफ्टमध्ये चालत असेल, तर रोजचे १४ आणि रिलिव्हर धरून १७ होतात.

आता बायोडेटात 'सात पोस्ट, आठ तासांची शिफ्ट, १७ गार्ड' असं आलं, तर वाचणाऱ्याला काय कळतं? त्या साइटवर डबल ड्युटी चालत होती. तो विचारणारच, 'महिन्याला किती डबल लागायच्या? रिलिव्हर आला नाही तर पोस्ट कशी भरायचात?' हा प्रश्न वाईट नाही. ज्याने खरंच मस्टर सांभाळलं आहे तो याचं उत्तर बसल्या जागी देतो. ज्याने आकडा नुसता फुगवलाय, तो इथे अडकतो.

दुसरी गोष्ट, २५ गार्ड 'हाताखाली' म्हणजे कसे? शिफ्ट सुपरवायझरच्या हुकमात एका वेळी सातच असतात. साइट इनचार्ज असेल तर मस्टरवरचे २५ त्याचे, पण मध्ये शिफ्टचे सुपरवायझर आहेत. फील्ड ऑफिसर असेल तर त्याच्याकडे दहा ठिकाणचे मिळून साठ गार्ड असतील, पण तो रोज प्रत्येकाला भेटत नाही. ही तीन वेगळी कामं आहेत. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालचे केंद्राचे नमुना नियम एका सुपरवायझरमागे जास्तीत जास्त १५ गार्ड धरतात. गार्ड वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील आणि एकाला सगळीकडे पोचणं शक्य नसेल, तर सहा गार्डांमागे एक सुपरवायझर. तेव्हा 'एकट्याने ८० गार्ड सांभाळले' असं लिहिणारा फुशारकी मारतोय असंच जाणकाराला वाटतं, मग त्याने खरोखर सांभाळले असले तरी.

तर ती ओळ अशी लिहा: 'शिफ्ट सुपरवायझर. ७ पोस्ट, ८ तासांच्या ३ शिफ्ट, मस्टरवर २५ गार्ड, त्यात महिला गार्ड ३. माझ्या शिफ्टला ७ गार्ड. ड्युटी चार्ट आणि रिलिव्हरचं नियोजन माझ्याकडे.' महिला गार्डांचा आकडा आवर्जून द्या, कारण बायकांची झडती बाईनेच घ्यायची असते आणि ती पोस्ट भरणं कोकणातल्या आतल्या साइटवर अवघड जातं.

या ओळीच्या वर एक चूक फार जण करतात. नोकरी एजन्सीची असते, काम कारखान्यात असतं, आणि बायोडेटात मालक म्हणून कारखान्याचं नाव येतं. पडताळणीत पीएफच्या नोंदीत एजन्सीचं नाव निघतं, कारखाना म्हणतो 'आमच्या पगारपटावर हा माणूस नाही,' आणि खरा अनुभव खोटा ठरतो. म्हणून दोन्ही लिहा: 'नोकरी अमुक एजन्सी, नेमणूक तमुक साइट, या महिन्यापासून त्या महिन्यापर्यंत.' एकाच एजन्सीत तीन साइट बदलल्या असतील तर एजन्सी एकदाच लिहून तिच्याखाली तीन साइट टाका. तीन वेगवेगळ्या नोकऱ्या दाखवल्या तर माणूस टिकत नाही असा समज होतो. सुरक्षा रक्षक मंडळाकडून काम करत असाल, तर मंडळाचं नाव आणि आपला नोंदणी क्रमांक.

साइटचा प्रकार लिहिताना 'औद्योगिक, व्यापारी, निवासी' एवढ्यावर सोडू नका. त्या जागी काय राखायचं होतं आणि कशाची भीती होती, हे एका वाक्यात यावं. रासायनिक कारखान्यात गेटवर काडीपेटी आणि मोबाइल काढून घेणं, टँकरच्या धुराड्यावर स्पार्क अरेस्टर आहे का ते बघणं, वायुगळतीचा भोंगा झाला की वाऱ्याची दिशा पाहून माणसं असेंब्ली पॉइंटवर नेणं, हे काम. बंदरावर जहाज आणि बंदराच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय आयएसपीएस कोड लागू असतो. २००४ च्या जुलैपासून तो अमलात आहे, त्यात सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत, आणि पातळी वाढली की गेटवरची तपासणी कशी बदलते हे माहीत असलेला माणूस तिथे हवा असतो. दापोली-गणपतीपुळ्याच्या रिसॉर्टवर हंगामाप्रमाणे गार्ड कमीजास्त होतात, म्हणून तिथला आकडा 'पावसाळ्यात ४, मे महिन्यात ९' असा दोन टोकांनी द्या. हापूसच्या बागेत राखणदारांची टोळी सांभाळली असेल तर तेही न लाजता लिहा. रात्रीची गस्त, मोठा परिसर आणि कुंपण नाही, हा अनुभव कारखान्याच्या मागच्या हद्दीवर कामाला येतो.

आता घटना हाताळणी. 'अनेक चोऱ्या पकडल्या' हे वाक्य काहीच सांगत नाही. दोन किंवा तीन घटना निवडा आणि प्रत्येकीत चार गोष्टी ठेवा: काय लक्षात आलं, कशावरून, तुम्ही काय केलं, आणि कागद कुठे गेला. नमुन्यादाखल एक काल्पनिक घटना घेऊ.

भंगाराचा ट्रक बाहेर निघालाय. गेटपासवर लोखंडी भंगार ३,२०० किलो आहे. आत येताना रिकाम्या गाडीचं वजन ६,२०० किलो झालं होतं आणि आता भरलेलं ९,८४० येतंय. वजाबाकी ३,६४०, म्हणजे पासापेक्षा ४४० किलो जास्त. सुपरवायझरने गाडी थांबवली, किल्ली ताब्यात घेतली, सिक्युरिटी ऑफिसर आणि स्टोअरचा माणूस बोलावला, त्यांच्यासमोर माल उतरवला. लोखंडाखाली तांब्याची केबल निघाली. ऑकरन्स बुकात वेळेसकट नोंद झाली, वजनाच्या दोन्ही पावत्या आणि फोटो रिपोर्टला जोडले, आणि तक्रार कंपनीने पोलिसांत दिली.

बायोडेटात हे असं येईल: 'भंगाराच्या गाडीचं वजन गेटपासापेक्षा ४४० किलो जास्त आढळलं. गाडी रोखून स्टोअर व सिक्युरिटी ऑफिसरसमोर तपासणी, लपवलेली केबल मिळाली. ऑकरन्स बुकात नोंद व लेखी रिपोर्ट, पुढील तक्रार व्यवस्थापनामार्फत.' तीन ओळी पुरे झाल्या. कंपनीचं नाव इथे नको, ड्रायव्हरचं तर नकोच. मागच्या मालकाच्या गेटवरची कच्ची बाजू जो बायोडेटात मांडतो, तो उद्या आपलीही मांडेल, हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं.

शब्दही जपून वापरा. 'चोराला चोप दिला', 'कबुली घेतली', 'पंचनामा केला' असं लिहिलेले बायोडेटा येतात. पंचनामा पोलीस करतात, आपण नोंद आणि रिपोर्ट करतो. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक म्हणून धरता येतं, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, आणि फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावं लागतं. 'रात्रभर डांबून ठेवला' ही बढाई वाचणाऱ्याच्या लेखी कंपनीवर येऊ शकणारी केस असते.

आपल्याकडे २२ जुलै २०२१ च्या पुराचा उल्लेख बऱ्याच बायोडेटात असतो, आणि तो असायलाही हवा. पण 'महापुरात उत्तम कामगिरी' असं नको. तुमच्या साइटवर पाणी कधी शिरलं, किती माणसं वरच्या मजल्यावर नेली, हजेरी मोजून कोणाला कळवली, जनरेटर आणि मेन स्विच कोणी बंद केला, रिलिव्हर येऊ शकला नाही तेव्हा पोस्ट किती तास चालवल्या, यातलं जे तुम्ही स्वतः केलं तेवढंच लिहा. टीमने केलेलं 'टीमने' म्हणून लिहा.

सर्टिफिकेटांबद्दल थोडक्यात. नमुना नियमांत गार्डचं प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान २० कामाच्या दिवसांत, असं आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ४० आणि १६ तास, किमान सात दिवसांत. पाच तारखेला रुजू आणि आठ तारखेचं सर्टिफिकेट असेल, तर ते कसं मिळालं हे सांगावं लागत नाही. प्रत्येक सर्टिफिकेटपुढे संस्था, तारीख, तास आणि क्रमांक द्या. प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट कायमचं नसतं, सेंट जॉनचं तीन वर्षांनी नवं करावं लागतं, म्हणून मुदत लिहा आणि संपली असेल तर तेही लिहा. अग्निशमनाचं असेल तर कोणतं एक्स्टिंग्विशर स्वतः चालवलंय ते सांगा. गार्डचं प्रशिक्षण आणि सुपरवायझरचा कौशल्य अभ्यासक्रम हे वेगळे आहेत, एकाच्या जागी दुसरं दाखवू नका. आणि तुम्ही गार्डना दिलेलं ट्रेनिंग हे सर्टिफिकेट नव्हे, ते कामाच्या ओळीत जातं: 'दर महिन्याला एक मॉक ड्रिल, रजिस्टर माझ्याकडे.'

शेवटी एक प्रश्न आला, एजन्सी बंद पडली, अनुभवपत्र मिळालंच नाही, मग काय करायचं? पीएफच्या पोर्टलवर यूएएनने लॉग इन केलं की सर्व्हिस हिस्टरीत एजन्सीचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. त्याची प्रिंट घ्या. सोबत पगाराच्या एक-दोन पावत्या आणि नेमणुकीचं पत्र किंवा साइटचं जुनं ओळखपत्र जोडा. बायोडेटात त्या नोकरीपुढे 'अनुभवपत्र उपलब्ध नाही, पीएफ नोंद जोडली आहे' असं सरळ लिहा. आणि पीएफच कापला नव्हता असं असेल, तर त्या साइटवरच्या सिक्युरिटी ऑफिसरला आधी विचारा, आणि तो हो म्हणाला तरच त्याचं नाव व नंबर संदर्भ म्हणून द्या.