रक्तातून हरवलेलं सायक्लोस्पोरिन

२००० साली झुरिकच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन रुग्णांची हकीकत छापली. दोघांचंही हृदय प्रत्यारोपण झालेलं. परकं हृदय शरीरानं नाकारू नये म्हणून दोघे सायक्लोस्पोरिन घेत होते. पण रक्तातली त्याची पातळी घसरली, आणि हृदयाचा बारीकसा तुकडा तपासल्यावर दिसलं, की शरीरानं त्याच्यावर हल्ला सुरू केलाय. काही आठवड्यांपूर्वी दोघांनी हायपेरिकम सुरू केलं होतं. पिवळ्या फुलांची ही वनस्पती, सेंट जॉन्स वर्ट, उदासीवर घेतली जाते.

मग सायक्लोस्पोरिन गेलं कुठे?

या वनस्पतीत हायपरफोरिन नावाचं द्रव्य असतं. यकृताच्या पेशीत एक पहारेकरी प्रथिन असतं, प्रेग्नेन एक्स रिसेप्टर. बाहेरचं रसायन आलं की ते ओळखायचं, हे त्याचं काम. हायपरफोरिन त्याला अगदी घट्ट चिकटतं. जागं झालेलं हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात डीएनएवर बसतं आणि हुकूम देतं: सायक्लोस्पोरिनसारखी औषधं मोडणारं सिप ३ए४ हे एन्झाइम जास्त बनवा.

म्हणजे एन्झाइमचा वेग वाढत नाही, त्याची संख्या वाढते. कामगार तेवढेच चपळ, पण आता कितीतरी जास्त. आणि ते फक्त यकृतात नसतात, आतड्याच्या भिंतीतही असतात. तिथेच पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंपही वाढतात, जे शिरलेलं औषध परत आतड्यात ढकलतात. सायक्लोस्पोरिनला दोन्हीकडून फटका बसतो.

नवीन एन्झाइम घडायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या काही दिवसांत सगळं ठीक वाटतं. पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे जातात. मला यातली हीच गोष्ट सर्वात धोक्याची वाटते, कारण तोवर त्या नव्या गोळीचा संशय कुणाला येत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला पाळीच्या मधेच रक्तस्राव होतो, रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, खाली येतो. एचआयव्हीवरच्या इंडिनाव्हिरची हायपेरिकमसोबत तपासणी निरोगी माणसांवर झाली, तेव्हा रक्ताला मिळणारं एकूण औषध ५७ टक्क्यांनी घटलं होतं.

हायपेरिकमच्या वेष्टनावर बहुधा त्यातल्या हायपेरिसिन या द्रव्याचं प्रमाण छापलेलं असतं. एन्झाइम वाढवणारं हायपरफोरिन मात्र वेगळं, आणि ते उत्पादनागणिक कमीजास्त असतं. ते फार थोडं असलेल्या अर्कांचा हा परिणाम खूपच सौम्य दिसला आहे.

झुरिकमध्ये हायपेरिकम बंद केल्यावर सायक्लोस्पोरिनची पातळी पुन्हा जागेवर आली. जास्तीची एन्झाइमं विरायला एक-दोन आठवडे लागतात. पण मधल्या काळात कुणी सायक्लोस्पोरिनचा डोस वाढवून ठेवला असेल, तर तोच डोस आता जास्त होतो आणि भार मूत्रपिंडांवर येतो. म्हणून हायपेरिकम सुरू करताना जितकी रक्ततपासणी लागते, तितकीच ते थांबवतानाही लागते.