भांडवलाचा तक्ता गायब असताना भागीदारीचं गणित

आता हे गणित बघा. 'अ आणि ब यांची भांडवलं खालील तक्त्याप्रमाणे', आणि खाली कोरी जागा. तक्ता चित्र म्हणून चिकटवला होता, फाईल इकडून तिकडे जाताना चित्र उडालं. बारावीची निम्मी मुलं इथेच पेन ठेवतात आणि उरलेली अर्धी अंदाजाने आकडे टाकून मोकळी होतात, दोन्ही चूक. आधी बघायचं की कुठल्या भागाला भांडवल लागतंय आणि कुठल्या भागाला लागतच नाही.

उरलेला मजकूर असा. मसाल्याच्या धंद्यात दोन भागीदार, डीडमध्ये भांडवलावर 8 टक्के व्याज द्यायचं ठरलंय, त्याप्रमाणे गेल्या वर्षी अ ला 48,000 आणि ब ला 32,000 व्याज मिळालं. व्याज द्यायच्या आधीचे तीन वर्षांचे नफे 1,80,000, 2,40,000 आणि 2,10,000, त्यातल्या मधल्या वर्षी जुनं मशीन विकून 30,000 चा फायदा झालेला. नफा कसा वाटायचा हे डीडमध्ये लिहिलेलंच नाही. आणि आता क चार लाख घेऊन पाव हिश्शाने आत येतोय.

नफावाटपाला तक्ता लागत नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 13 सांगतं की करारात काही नसेल तर नफा समान, भांडवल कोणाचं कितीही असो. पण मुलं काय करतात, 48 ला 32 म्हणजे 3:2, चला नफाही 3:2 मध्ये! अरे ते व्याजाचं प्रमाण आहे, पैसे जास्त लावले त्याचा मोबदला व्याजातून मिळाला की त्याला. गेल्या वर्षीचे 2,10,000, त्यातून 80,000 व्याज गेलं, उरले 1,30,000, प्रत्येकी 65,000. 3:2 ने वाटलं असतं तर अ ला 78,000 गेले असते, म्हणजे ब च्या खिशातून 13,000 काढून अ ला दिले.

गुडविल, म्हणजे आपल्या पुस्तकातली ख्याती. सरासरी नफ्याच्या पद्धतीलाही भांडवल नको. मशीनचे 30,000 काढून टाका, कारण तेच मशीन दरवर्षी कोण विकणार? तीन वर्षांचे मिळून 6,00,000, सरासरी 2,00,000, दोन वर्षांची खरेदी धरली तर गुडविल 4,00,000. झालं.

अडतं ते सुपर प्रॉफिटला. तिथे धंद्यात किती भांडवल गुंतलंय ते हवंच, कारण तेवढ्या पैशावर बाकीचे लोक किती कमावतात ते वजा करायचंय. मग तक्ता उलटा काढायचा. 48,000 भागिले 8 टक्के म्हणजे 6 लाख, 32,000 भागिले 8 टक्के म्हणजे 4 लाख, मिळून 10 लाख. या धंद्यात नेहमीचा परतावा 12 टक्के दिला असेल तर 1,20,000 हा साधा नफा, वरचे 80,000 सुपर, दोन वर्षांचं गुडविल 1,60,000. मघाशी चार लाख आलं आणि आता हे, दोन्ही बरोबर, पद्धत वेगळी आहे, म्हणून प्रश्नात पद्धत कुठली लिहिलीय ते आधी वाचा.

छुप्या गुडविलला तर भांडवलाशिवाय हातच लावता येत नाही. क ने पाव हिश्शाला 4 लाख दिले, म्हणजे त्या हिशोबाने सगळी फर्म 16 लाखांची. प्रत्यक्षात जुने 10 आणि क चे 4, एकूण 14. फरक 2 लाख, तेच गुडविल. त्यातले क च्या वाटचे 50,000, ते अ आणि ब ला त्यांनी जितका हिस्सा सोडला त्या प्रमाणात जमा करायचे, दोघांनी सारखाच सोडला असेल तर 25,000, 25,000.

पण जरा थांबा, हे 10 लाख कधीचे? व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या भांडवलावर निघतं आणि क येतोय वर्ष संपल्यावर. भांडवल स्थिर पद्धतीचं असेल, चालू खात्यात काही शिल्लक नसेल आणि वर्षभरात कोणी भर घातली नसेल तरच सरळ भागाकार चालतो. मजकुरात कुठे 'ब ने 1 ऑक्टोबरला एक लाख आणले' असं एखादं वाक्य दडलेलं असतं, ते शोधा. तसं असेल तर त्या लाखाचं सहा महिन्यांचं व्याज 4,000, ते 32,000 मधून काढा, उरले 28,000, म्हणजे ब चं सुरुवातीचं भांडवल साडेतीन लाख आणि 31 मार्चला साडेचार. आपण मात्र चार धरून बसलो होतो. मग जुनं भांडवल साडेदहा, क सकट साडेचौदा, आणि गुडविल 2 लाखांऐवजी दीडच लाख.