दारात बोट चेंगरलं, नख काळं पडलं... भोक पाडायचं की नाही?

(खानापूर भागातल्या एका गावात वाचनालयाच्या हॉलमध्ये झालेलं बोलणं, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलंय.)

विषय छोटा आहे, नखाएवढाच म्हणा की. पण पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात आठवड्याला एक तरी माणूस बोट वर धरून येतोच, आणि त्याचं कारण तुम्हाला माहितीय, आपल्याकडं जून लागला की लाकडी दारं फुगतात, मग दार बसत नाही म्हणून लोक खांदा लावून जोरात ओढतात आणि त्याच वेळी कुणाचं तरी बोट चौकटीवर असतं. दारं नाहीत तर वडापची जीप, टेम्पोचा फाळका, कपाट. मार सगळ्यांचा एकच.

आधी आत काय होतं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. नखाच्या खाली मऊ मांस असतं, त्यात रक्तवाहिन्या भरपूर, आणि ते मांस खाली थेट हाडाला चिकटलेलं असतं. मधे चरबीची गादी नाही. वर कडक नख, खाली हाड. मार बसला की ते मांस फाटतं, रक्त येतं, आणि त्याला जायला जागाच नाही. हाताला दुसरीकडं कुठं मार लागला तर रक्त पसरतं, सूज येते, कातडी ताणली जाते, नख मात्र ताणलं जात नाही. म्हणून दाब वाढत जातो आणि प्रत्येक ठोक्याला ठणका मारतो, बोट खाली सोडलं की जास्त, वर धरलं की जरा कमी. रात्री झोप नाही. हा ठणका आहे तो दाबाचा आहे, जखम मोठी आहे म्हणूनच असतो असं नाही.

म्हणजे भोक पाडायचं की नाही याचं उत्तर रंगात नाही, ठणक्यात आहे. नख काळं दिसतंय पण दुखत नाही, तर त्याला हात लावायचा नाही. नख थोडंसंच काळं आहे पण माणूस रात्रभर बसून काढतोय, तर दाब सोडायचा.

एक केस सांगतो, नाव नाही सांगत. टेम्पो चालवणारा, पस्तिशीतला माणूस. रात्री नऊच्या सुमारास मागचा फाळका लावताना उजव्या हाताचं मधलं बोट सापडलं. घरी गेल्यावर हळद-चुना लावला, वर कापड बांधलं. मग कुणीतरी सांगितलं गरम पाण्यात बुडव, त्यानं बुडवलं, आणि ठणका दुप्पट. होणारच की, उबेनं रक्त आणखी येतं. पहिल्या तासात करायचं ते उलटं आहे बघा, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरायचा (बर्फ थेट कातडीला नाही), बोट छातीच्या वर ठेवायचं, बोटात अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढायची, आणि पॅरासिटामॉल. हळदीचं एक बरं, तिनं काही बिघडत नाही, फक्त सगळं पिवळं होतं आणि डॉक्टरला खरा रंग दिसत नाही. चुना मात्र लावू नका, कुठं कातडी फाटली असेल तर जळते.

सकाळी दहाला तो आला. बोट धुवून बघितलं तर नखाचा साधारण पाऊण भाग काळा-जांभळा. आता मी काय काय बघितलं ते ऐका, कारण हे तुम्ही घरीसुद्धा बघू शकता. नख जागेवर आहे का, बुडाशी निसटून वर आलंय का, बाजूची कातडी फाटलीय का, नखालाच चीर पडलीय का. त्याचं सगळं शाबूत होतं. मग त्याला म्हटलं बोटाचं शेवटचं पेर वाकव आणि सरळ कर, झालं, म्हणजे बोट सरळ करणारी शीर तुटलेली नाही. टोकाला स्पर्श कळतोय, दाबून सोडलं की रंग परत येतोय. टोकाच्या हाडावर दाबलं तर मात्र ओरडला, म्हणून एक्स-रे काढला. समोरून एक आणि बाजूनं एक. हाडाच्या अगदी टोकाला केसाएवढी फट, हाड जागेवरच. अशा माराला हे बऱ्याचदा सापडतं, घाबरायचं कारण नसतं.

आता तुम्ही विचाराल, पाऊण नख काळं, आत मांस फाटलेलं असणारच, मग नख काढून टाके नको का? मी शिकत होतो तेव्हा हेच शिकवायचे, निम्म्याच्या वर काळं असेल तर नख उपटा आणि आतलं शिवा. नंतर लोकांनी दोन्ही करून बघितलं. १९९९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ५२ मुलं घेतलेली, काहींचं नख काढून शिवलं, काहींना नुसतं भोक पाडलं, पुढं नख कसं आलं त्यात फरक नाही. अट एकच, नख आणि त्याच्या कडा शाबूत पाहिजेत. नख स्वतःच आतल्या जखमेवर पट्टीचं काम करतं, ते आपण का उपटायचं? म्हणून आता किती टक्के काळं यावर आम्ही एवढं अडत नाही.

दुसरी गोष्ट वेळ. मार लागून एक-दोन दिवसांच्या आत केलं तर रक्त पातळ असतं, बाहेर येतं. त्यानंतर ते गोठतं, भोक पाडून काही निघत नाही आणि तोवर ठणकाही बहुतेक उतरलेला असतो. चौथ्या दिवशी, "डॉक्टर, काळं बरं दिसत नाही, काढून टाका" म्हणून येतात, लग्न असतं घरात, त्यांना मी नाही म्हणतो. दिसण्यासाठी भोक पाडत नसतात.

टेम्पोवाल्याला तेरा तास झालेले, ठणका जबरदस्त, नख शाबूत. म्हणजे करायचं. नख पोव्हिडोन आयोडीननं पुसलं आणि वाळू दिलं. स्पिरिट नाही वापरलं, कारण पुढं भोक पाडायला तापलेली तार वापरायची असेल तर स्पिरिट पेट घेतं. नकली नखं लावलेल्या मुलीला तर तापलेली तार लावायचीच नाही, ती नखं भुरकन पेटतात. माझ्याकडं त्या दिवशी सुईच वापरली, १८ नंबरची, गुलाबी बुडाची, नवी. काळ्या भागाच्या मधोमध, नखाच्या बुडापासून लांब, सुई उभी धरायची आणि दोन बोटांत गोल फिरवायची, दाबायचं नाही. गिरमिट फिरवतात तसं, पण हळूच. नख अर्धा मिलीमीटरच्या आसपास जाड असतं आणि नखाला स्वतःला दुखत नाही, म्हणून भूल लागत नाही बहुतेकदा. दहा-वीस फेरे झाले की अडसर एकदम कमी झाल्यासारखा लागतो आणि काळपट थेंब वर येतो. तिथंच थांबायचं. त्याच्या पुढं अर्धा मिलीमीटर गेलात तर मांस टोचलं, मग तो उडी मारतो आणि नवं रक्त सुरू. भोक फार बारीक ठेवलं तर लगेच गोठून बंद होतं, म्हणून थोडं मोठं करतो किंवा शेजारी दुसरं पाडतो. कडेनं हलकं दाबलं, तीन-चार थेंब आले आणि त्याचा चेहराच बदलला. ठणका तिथल्या तिथं उतरतो, हे बघण्यासारखं असतं. नाहीच उतरला तर समजायचं दुखणं दाबाचं नाही, दुसरं काहीतरी आहे, परत बघायचं.

नंतर कोरडी पट्टी, हाड तडकलेलं म्हणून टोकाला छोटी पट्टीची टोपी तीनेक आठवडे, मधला सांधा मोकळा. दोन-तीन दिवस बोट पाण्यात बुडवायचं नाही, कारण आता आत जायला वाट झालीय. एक-दोन दिवस थोडं थोडं रक्त पाझरतं, ते बरंच. अँटिबायोटिक त्यानं मागितलं, मी दिलं नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घेतलं.

हेच घरी सुई तापवून करतात लोक, मला माहितीय, इथंच समोर दोघं हसतायत. बिघडतं ते असं, सुई लाल करून दाबतात, नख एकदम पार होतं आणि मांस भाजतं. किंवा कपडे शिवायची सुई, ती स्वच्छ नाही, आणि आठ दिवसांनी पू. साखरेचा पेशंट असेल किंवा रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर घरी अजिबात नको.

आणि पोरांचं जरा वेगळं. लहान मुलांच्या शेवटच्या पेरात हाड वाढायची कोवळी जागा असते, नखाच्या बुडाच्या अगदी खाली. दारात बोट सापडलं की कधी कधी हाड तिथंच तुटतं, टोक खाली वाकल्यासारखं दिसतं आणि नखाचं बूड कातडीच्या वर येऊन बसतं, त्यामुळं नख दुसऱ्या हातापेक्षा लांब वाटतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, रक्तच साकळलंय. पण ते उघडं फ्रॅक्चर आहे, जंतू थेट हाडापर्यंत जातात आणि त्या पोराचं बोट पुढं वाकडं वाढू शकतं. तिथं भोकाचा प्रश्नच नाही, त्याच दिवशी बाजूनं घेतलेला एक्स-रे आणि हाताच्या सर्जनकडं, बेळगावला न्या, पण न्या.

तसंच बोट सरळ होत नाही, नख उपसून आलंय, कातडी फाटून रक्त थांबत नाही, टोक पांढरं-थंड आहे, यातलं काहीही असेल तर नुसतं भोक पुरत नाही.

टेम्पोवाला दीड महिन्यानं परत आला, घाबरून. नख सुटत होतं. मी म्हटलं सुटू दे, ओढू नको, खालून नवं येतंय ते त्याला ढकलतंय. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलीमीटर वाढतं, पूर्ण यायला सहा महिने धरा, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. नवं नख आधी थोडं उंचसखल येतं, नंतर बसतं.

मागून एका आजींनी विचारलं, मार लागलाच नाही आणि अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ आहे, तिलाही भोक पाडायचं का. नाही आजी. मार लागलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं, मागं नवीन गुलाबी नख दिसायला लागतं. घरी गेल्यावर रेघेच्या मागच्या टोकाशी नखावर हलकी खूण करा, महिनाभरानं बघा. खूण पुढं गेली आणि रेघ मात्र मागं बुडापर्यंत आहे तशीच असली, किंवा रुंद व्हायला लागली, किंवा बाजूच्या कातडीवर काळं उतरलं, तर ते रक्त नाही, चामडीच्या डॉक्टरला दाखवायचं, कधी कधी तो कॅन्सर असतो. आणि कातडीवर आजच काळं दिसत असेल तर महिना थांबू नका, उद्याच या.